लग्नानंतर किंवा कायदेशीर नाव बदलल्यावर फेसबुकवरचं नाव कधी आणि कसं बदलायचं, म्हणजे अकाउंट अडकणार नाही

नाव बदलायला फेसबुकवर दोन मिनिटं लागतात. त्यात काहीच अवघड नाहीये, पासवर्ड टाकला, सेव्ह केलं, झालं. खरा त्रास होतो तो नंतर, म्हणजे तीन-चार महिन्यांनी कधीतरी फोन बदलला, लॉगिन झालं नाही, किंवा अचानक स्क्रीनवर आलं की तुमची ओळख पटवा, आणि तेव्हा लक्षात येतं की प्रोफाइलवर नाव नवीन आहे पण घरातल्या सगळ्या कागदांवर अजून जुनंच नाव आहे. मग काय अपलोड करणार?

मी स्वतः एका साइटवर हे भोगलंय. लग्नाच्या आठवड्यातच उत्साहात आडनाव बदललं, पासपोर्ट नवीन काढायला मात्र सात-आठ महिने गेले, आणि मधल्या काळात अकाउंट लॉक झालं. जुना पासपोर्ट पाठवला तर नाव जुळत नाही म्हणून परत, विवाह प्रमाणपत्र पाठवलं तर जन्मतारीख दिसत नाही म्हणून परत. शेवटी नवीन पासपोर्ट येईपर्यंत अकाउंट बंदच राहिलं. त्यानंतर मैत्रिणी, बहिणी, ऑफिसमधल्या बऱ्याच जणींना हे काम करून दिलं आणि प्रत्येक वेळी हेच दिसलं की बटणं कुठली दाबायची ते सगळ्यांना सापडतं, चुकतो तो क्रम. म्हणून इथे फेसबुक धरून सगळं नीट क्रमाने लिहिते, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. बाकीच्या साइट्सचं शेवटी थोडक्यात.

तपासणीत नक्की काय जुळवतात

ओळख पटवायची वेळ आली की मुख्यतः प्रोफाइलवरचं नाव आणि कागदावरचं नाव एक आहे का ते बघतात, त्याच्या जोडीला प्रोफाइलमधली जन्मतारीख किंवा फोटो कागदाशी जुळतोय का ते बघतात. फेसबुकचा नियम सरळ आहे, की रोजच्या आयुष्यात लोक तुम्हाला ज्या नावाने ओळखतात ते नाव ठेवा, आणि ते नाव त्यांच्या यादीतल्या एखाद्या कागदावर सापडलं पाहिजे.

आता यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नाव बदलताना दर वेळी कागद मागतातच असं नाही, बहुतेक वेळा मागतच नाहीत. त्यामुळे वाटतं की सुटलो. पण तपासणी नाव बदलण्याच्या क्षणाशी बांधलेली नसते, ती कधीही येऊ शकते, कोणी प्रोफाइल खोटं आहे म्हणून रिपोर्ट केलं तर, अकाउंट हॅक झाल्याचा संशय आला तर, किंवा तुम्हीच पासवर्ड, मेल, फोन नंबर सगळं गमावून बसलात तर. त्या दिवशी प्रोफाइलवर जे नाव असेल त्या नावाचा कागद तुमच्या हातात पाहिजे. म्हणजे प्रश्न "आज नाव बदलता येईल का" हा नाहीये, "उद्या कोणी विचारलं तर या नावाचा कागद आहे का" हा आहे.

यातूनच सगळा क्रम ठरतो. आधी कागद, मग प्रोफाइल.

कागद कुठले चालतात आणि विवाह प्रमाणपत्राची गोम

फेसबुक कागदांचे दोन गट धरतं. पहिल्या गटात सरकारी कागद, म्हणजे पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार ओळखपत्र, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, नाव बदलल्याचं अधिकृत कागदपत्र, असे. यातला एक पुरतो. दुसऱ्या गटात बिगरसरकारी कागद, बँकेचं स्टेटमेंट, नोकरीच्या ठिकाणचं ओळखपत्र, पगाराची स्लिप, शाळा-कॉलेजचं कार्ड, लायब्ररी कार्ड, पत्त्यावर आलेलं टपाल वगैरे. यातले दोन वेगवेगळे लागतात, दोन्हींवर नाव सारखं हवं आणि त्यांत कुठेतरी प्रोफाइलशी जुळणारी जन्मतारीख किंवा फोटो हवा.

यादीत विवाह प्रमाणपत्र दिसलं की सगळ्यांना हायसं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण तुमचं प्रमाणपत्र एकदा हातात घेऊन शांतपणे वाचा. बऱ्याच ठिकाणच्या प्रमाणपत्रावर दोघांची लग्नाआधीची नावं असतात, आणि लग्नानंतर कोण कुठलं नाव लावणार याचा उल्लेखच नसतो. म्हणजे कागद फक्त एवढं सांगतो की या दोन नावांच्या माणसांचं लग्न झालं. नवीन पूर्ण नाव त्यावर छापलेलंच नाही. वरून कित्येक प्रमाणपत्रांवर जन्मतारखेऐवजी नुसतं वय लिहिलेलं असतं. माणूस वाचेल तर त्याला समजेल की बाई हिचं आडनाव आता हे असणार, पण तपासणीत अंदाज बांधत बसत नाहीत, अक्षरं जुळवतात.

म्हणून प्रमाणपत्रावर या तीन गोष्टी शोधा: नवीन पूर्ण नाव आहे का, जुनं पूर्ण नाव आहे का, पूर्ण जन्मतारीख आहे का. तिन्ही असतील तर तुमचं नशीब चांगलं, तो एकच कागद बऱ्याच ठिकाणी पुरेल. नसतील तर प्रमाणपत्र हा फक्त पूल आहे, त्यावरून पलीकडे जाऊन नवीन नावाचं फोटो असलेलं ओळखपत्र काढायचं आणि मगच प्रोफाइलला हात लावायचा.

लग्न सोडून इतर कारणाने नाव बदललं असेल, कोर्टाच्या आदेशाने किंवा राजपत्रात छापून, तर तुमची बाजू उलट जास्त भक्कम असते कारण त्या कागदावर जुनं आणि नवं दोन्ही नावं एकाच पानावर येतात. तरीही त्यावर फोटो बहुधा नसतो, त्यामुळे त्याच्या जोडीला जुनं फोटोचं ओळखपत्र सांभाळून ठेवा. नवीन ओळखपत्र घेताना जुनं जमा करावं लागणार असेल तर आधी त्याचा स्वच्छ स्कॅन करून ठेवा. हे मी प्रत्येकीला सांगते आणि निम्म्या जणी विसरतातच.

कागद येईपर्यंत काय करायचं

इथे लोकांचा धीर सुटतो. सगळे नवीन आडनावाने हाक मारतायत, लग्नाला आलेल्यांना प्रोफाइल सापडत नाहीये, आणि मी म्हणतेय थांबा. तर यावर फेसबुकमध्येच चांगली सोय आहे जी फार कमी लोक वापरतात. प्रोफाइलच्या About मध्ये Other names म्हणून एक जागा असते. तिथे मुख्य नावाला धक्का न लावता आणखी एक नाव घालता येतं, त्याचा प्रकारही निवडता येतो, टोपणनाव, माहेरचं नाव, लग्नानंतरचं नाव, आधीचं नाव, वेगळं स्पेलिंग, असे. ते नाव प्रोफाइलच्या वरती दाखवायचं का याचा एक चौकोन असतो, त्यावर टिक केलं की मुख्य नावाशेजारी दुसरं नाव दिसायला लागतं.

म्हणजे कागद यायच्या आधी मुख्य नाव जुनं ठेवा आणि लग्नानंतरचं नाव इथे घाला. लोकांना दोन्ही दिसतं, शोधलं तर सापडतं, आणि तपासणी आलीच तर जुन्या ओळखपत्रावर तुमचं काम भागतं. नवीन ओळखपत्र आलं की अदलाबदल करायची, मुख्य नाव नवीन आणि इथे माहेरचं. मला हे आधी माहीत असतं तर माझे ते महिने वाया गेले नसते, आणि म्हणूनच हा सगळा लेख लिहितेय खरं तर.

एक मात्र लक्षात ठेवा, इथे घातलेलं नाव सार्वजनिक असतं. "वरती दाखवा"च्या चौकोनावर टिक केलं नाही तरी शोधाशोधीत ते वापरलं जातं. घटस्फोटानंतर, किंवा त्रास देणाऱ्या माणसापासून लांब जायला, किंवा जुनं नाव आता आपलं वाटतच नाही म्हणून तुम्ही नाव बदललं असेल तर जुनं नाव इथे अजिबात घालू नका, आणि कधी पूर्वी घातलं असेल तर जाऊन काढून टाका.

नाव बदलण्याआधी अकाउंटमधली साफसफाई

नवीन ओळखपत्र हातात आलं. तरी लगेच नाव नका बदलू, आधी जन्मतारीख बघा. कित्येकांनी अकाउंट काढताना गंमत म्हणून किंवा वय लपवायला 1 जानेवारी टाकून दिलेली असते आणि नंतर विसरून जातात. ओळखपत्रावर वेगळी तारीख असेल तर नाव अक्षर न अक्षर जुळूनही तुम्ही अडकणार. तारीख आधी दुरुस्त करा, आणि नाव आणि तारीख दोन्ही एकाच दिवशी बदलू नका. एकाच बैठकीत नाव, जन्मतारीख, मेल, फोन सगळं बदललं तर बाहेरून ते अकाउंट दुसऱ्याने बळकावल्यासारखंच दिसतं. आठवडा-दहा दिवसांचं अंतर ठेवा. हा काही छापील नियम नाही, माझी सवय आहे, पण आजवर उपयोगी पडलीये.

मग मेल आणि फोन नंबर चालू आहेत का बघा. लग्नानंतर नंबर बदलला, जुना मेल कॉलेजच्या काळातला आणि पासवर्ड आठवत नाही, असं खूप जणींचं असतं. हे दोन्ही चालू असतील तर लॉक झालं तरी कोड घेऊन आत येता येतं, बहुतेक वेळा कागद दाखवायची पाळीच येत नाही. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, चालू असेल तर फेसबुक रिकव्हरी कोड देतं, ते काढून कागदावर लिहून ठेवा, एक कोड एकदाच चालतो.

नाव नेमकं कसं लिहायचं, कारण पुढचे 60 दिवस ते बदलता येणार नाही

एकदा नाव बदललं की 60 दिवस परत बदलता येत नाही. टायपो झाला तरी नाही, घरच्यांना आवडलं नाही तरी नाही. म्हणून आधी नोटमध्ये लिहा, ओळखपत्र शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवून बघा.

स्पेलिंग ओळखपत्रावरचंच ठेवा. आधी फेसबुकवर ज्या स्पेलिंगने होतात ते विसरा. मधलं नाव घालायलाच पाहिजे असं नाही, ती जागा रिकामी ठेवली तरी चालते, पण घातलं तर तेही कागदावर तसंच असलं पाहिजे. दोन आडनावं लावायची असतील, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, तर ओळखपत्रावर दोन्ही आहेत का बघा, नसतील तर दुसरं Other names मध्ये ठेवा, मुख्य नावात नको.

लिपी एकच ठेवा. पहिलं नाव देवनागरीत आणि आडनाव इंग्रजी अक्षरांत असं केलं की ते नाकारलं जातं, कारण वेगवेगळ्या भाषांची अक्षरं एका नावात चालत नाहीत. नाव पूर्ण देवनागरीत ठेवलं तर चालतं, पण तुमचं ओळखपत्र फक्त इंग्रजी अक्षरांत असेल तर जुळवणाऱ्याला तुमच्या नावाचा उच्चार ओळखावा लागतो आणि तिथे एक जास्तीची अडचण येते. माझं मत विचाराल तर मुख्य नाव ओळखपत्राच्या लिपीत आणि देवनागरी नाव Other names मध्ये.

बाकी आकडे, चिन्हं, एकच अक्षर चार वेळा, मधेच कॅपिटल अक्षरं, हे काही चालत नाही. डॉक्टर, अ‍ॅडव्होकेट अशा पदव्या पण नावाच्या चौकटीत चालत नाहीत, ओळखपत्रावर छापलेली असली तरी तिथे घालू नका.

आता बदलायचं

कॉम्प्युटरवर केलं तर बरं, स्पेलिंग मोठं दिसतं. फोनवरही रस्ता तोच आहे:

```
Settings & privacy > Settings > Accounts Center
> Profiles > (तुमचं फेसबुक प्रोफाइल) > Name
> Review change > Save changes
```

Accounts Center मध्ये गेल्यावर तिथे जोडलेली असतील तर तुमची फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्ही प्रोफाइल दिसतील, त्यातलं फेसबुकचं उघडा. नाव भरून Review change दाबलं की नवीन नाव कसं दिसेल ते दाखवतात, इथेच परत एकदा ओळखपत्राशी जुळवून बघा, कारण यानंतर परतीचा रस्ता 60 दिवसांनीच. पासवर्ड मागेल, टाका, सेव्ह करा. दोन्ही प्रोफाइलची नावं सिंक केलेली असतील तर एकीकडे बदललेलं दुसरीकडेही जातं, तेव्हा इन्स्टाग्रामवर दुकानाचं किंवा कामाचं वेगळं नाव असेल तर आधी सिंक बंद करा.

नाव बदललं की जुन्या पोस्ट, कमेंट, टॅग सगळीकडे नवीन नाव दिसायला लागतं. पण कोणी पोस्टमध्ये टॅग न करता तुमचं जुनं नाव नुसतं टाइप केलं असेल तर ते तसंच राहतं. आणि प्रोफाइलची लिंक, म्हणजे facebook.com/ च्या पुढचा भाग, तो आपोआप बदलत नाही. त्यात जुनं आडनाव असेल तर Accounts Center मध्येच Name च्या जवळ Username असतं तिथून वेगळा बदलावा लागतो, आणि तो बदलला की तुम्ही जिथे जिथे जुनी लिंक दिली असेल तिथून लोक तुमच्यापर्यंत पोचणार नाहीत. जुनं नाव ज्यांना पूर्ण पुसायचंय ते नेमकं इथे विसरतात, वर नवीन नाव आणि ब्राउझरच्या पट्टीत जुनं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा मीरा जोशी, लग्न 10 फेब्रुवारीला, आता मीरा साने. फेसबुकवर ती `Mira Joshi`, जन्मतारीख 1 जानेवारी टाकलेली. पासपोर्टवर मात्र `Meera Joshi`, जन्मतारीख 14 ऑगस्ट. म्हणजे आज तपासणी आली तर लग्नाचा काही संबंध नसताना ती आधीच अडचणीत आहे, पहिल्या नावाचं स्पेलिंग वेगळं आणि तारीख वेगळी.

फेब्रुवारीत ती मुख्य नावाला हात लावत नाही. Other names मध्ये `Meera Sane`, प्रकार लग्नानंतरचं नाव, वरती दाखवा वर टिक. त्याच महिन्यात जन्मतारीख 14 ऑगस्ट करून टाकते. विवाह प्रमाणपत्र येतं, त्यावर दोघांची लग्नाआधीची नावं आणि वय, बाकी काही नाही, म्हणजे ते फेसबुकला दाखवण्यात अर्थ नाही, पण पासपोर्टच्या अर्जाला ते लागतं. जुना पासपोर्ट जमा करायच्या आधी ती फोटोचं पान स्कॅन करून ठेवते.

नवीन पासपोर्ट जूनमध्ये येतो, `Meera Sane`. आता 20 जूनला ती मुख्य नाव बदलते, आणि स्पेलिंग आणि आडनाव दोन्ही एकाच फटक्यात. हे महत्त्वाचं आहे. तिने फेब्रुवारीत उत्साहाने आडनाव बदलून `Mira Sane` केलं असतं आणि मग लक्षात आलं असतं की पासपोर्टवर दोन e आहेत, तर ते दुरुस्त करायला 60 दिवस थांबावं लागलं असतं, आणि त्या दिवसांत तिच्या नावाचा एकही कागद जगात नसता. 20 जूनला बदललं म्हणजे साधारण 19 ऑगस्टपर्यंत नाव कुलूपबंद, पण आता काही फरक पडत नाही कारण कागद आणि प्रोफाइल एकच बोलतायत. Other names मधलं `Meera Sane` काढून तिथे `Meera Joshi`, प्रकार माहेरचं नाव, शाळेतल्या मैत्रिणींना सापडावं म्हणून.

कागद मागितलाच तर

आधी मागणी खरी आहे का बघा. नाव बदलल्याच्या काळात फसवे मेल हमखास खरे वाटतात, कारण आपल्याला वाटतं की हो आपण बदललंय तर विचारणारच. मेलमधल्या लिंकवर जाऊन कागद अपलोड करू नका. फेसबुकने खरंच मेल पाठवला असेल तर Accounts Center मधल्या Password and security मध्ये Recent emails आहे, त्यात तो दिसतो. तिथे नाही म्हणजे मेल खोटा. आणि "आम्ही नाव बदलून देतो, पासवर्ड द्या" म्हणणाऱ्या कोणालाही ना पासवर्ड द्यायचा ना कागद.

फोटो काढताना कागद गडद रंगाच्या टेबलावर सपाट ठेवा, चारही कोपरे चौकटीत येऊ द्या, फ्लॅश बंद, दिवसाचा उजेड, लॅमिनेशनवर चमक आली तर किंचित तिरका धरा. नाव, जन्मतारीख, फोटो हे फोनवर मोठं न करता वाचता आलं पाहिजे. ज्याची त्यांना गरज नाही, बँक कार्डचा नंबर किंवा ओळख क्रमांक, ते झाकलं तर चालतं, पण कागदाचा तुकडा ठेवून झाका. फोटो एडिट करून काळी पट्टी ओढली की फेरफार केल्यासारखं दिसतं. झेरॉक्सचा फोटो काढू नका, मूळ कागदाचा काढा. मुदत संपलेलं ओळखपत्र शक्यतो टाळाच.

पाठवलेली प्रत एन्क्रिप्ट करून ठेवतात, आणि खोटे कागद ओळखण्याची यंत्रणा सुधारायला ती वर्षभरापर्यंत ठेवू शकतात. हे नको असेल तर ओळख पटवण्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. तपासणीचं काम झालं की एकदा जाऊन बघा.

नाकारलं तर

तोच फोटो परत परत पाठवू नका, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. उत्तर नीट वाचा. फोटो वाचता येत नाही असं असेल तर प्रश्न फक्त उजेडाचा आहे, तोच कागद नीट काढून पाठवा. माहिती जुळत नाही असं असेल तर कितीही सुंदर फोटो काढून उपयोग नाही, कागदच बदलायला हवा. प्रोफाइलवर काय लिहिलंय ते आठवून एकेक अक्षर ताडून बघा, मधलं नाव, स्पेलिंग, तारखेतला दिवस आणि महिना उलटसुलट झालाय का, यातलंच काहीतरी असतं.

सरकारी कागद एकही नवीन नावाचा नसेल तर दुसरा गट आठवा. बँकेने नाव बदललं असेल तर स्टेटमेंट आणि ऑफिसचं नवीन फोटो असलेलं ओळखपत्र, अशी जोडी चालू शकते, आणि हे दोन्ही पासपोर्टपेक्षा कितीतरी लवकर मिळतात. म्हणून लग्नानंतर ऑफिसमध्ये कार्ड बदलून घ्यायचा अर्ज लगेच करून टाका.

कधीकधी नाव खरं असूनही नियमाला खोटं वाटतं, एखादं आडनाव नेहमीच्या वापरातल्या शब्दासारखं असतं म्हणून. हे जगभर झालंय. 2014 मध्ये अमेरिकेत ड्रॅग कलाकारांसह खूप लोकांची अकाउंट्स नाव खरं नाही म्हणून बंद झाली, त्यावरून मोठी ओरड झाली, फेसबुकला माफी मागावी लागली, आणि डिसेंबर 2015 मध्ये त्यांनी पद्धत बदलायला सुरुवात केली, त्यात नाव पटवताना आपली विशेष परिस्थिती लिहायला जागा दिली. अशी जागा दिसली तर रिकामी सोडू नका. दोन ओळी पुरतात: अमुक तारखेला लग्न झालं किंवा नाव बदललं, आधीचं नाव हे, आताचं हे, सोबत हा कागद. तक्रार, राग, अकाउंट किती वर्षं जुनं आहे, हे काही लिहू नका, वाचणाऱ्याला त्यातून नाव जुळवता येत नाही.

बाकीच्या ठिकाणी

इन्स्टाग्रामवर नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, तिथे खऱ्या नावाचा आग्रह तेवढा नाही, पण पैसे भरून घेतलेली टिक असेल तर नाव ओळखपत्राशी जुळावं लागतं आणि बदललं की पडताळणी परत. म्हणून टिक असेल तर नवीन ओळखपत्र आल्याशिवाय नाव बदलूच नका. एक्सवर नाव बदललं की निळी टिक तात्पुरती जाते आणि तपासून झाल्यावर परत येते, घाबरायचं कारण नाही.

लिंक्डइनवर मुख्य नावाशिवाय आणखी एका नावाची जागा असते, Additional name, आणि ते कोणाला दिसावं हेही ठरवता येतं, फक्त ओळखीच्यांना का सगळ्यांना. जुन्या कंपनीतले लोक, ज्यांनी तुम्हाला शिफारस दिलीये ते, जुन्याच नावाने शोधणार, तेव्हा निदान वर्षभर तिथे जुनं नाव राहू द्या.

आणि ज्या अकाउंटवर पैसे येतात, व्हिडिओचे, विक्रीचे, कशाचेही, तिथे क्रम आणखी कडक आहे. आधी बँक, मग पैसे घेण्याचं प्रोफाइल, आणि दिसणारं नाव सगळ्यात शेवटी. बँकेत जुनं नाव आणि पेमेंटच्या प्रोफाइलवर नवीन असं झालं की पैसे अडकू शकतात. दिसणारं नाव आणि पैसे घेणारं नाव बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या पानांवर असतं, एक बदललं की दुसरं बदलत नाही, दोन्ही उघडून बघा.

सगळं झालं की नवीन ओळखपत्र, जुन्याचा स्कॅन आणि विवाह प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं कागदपत्र, तिन्ही एका फोल्डरमध्ये ठेवा, पण त्या फोल्डरची एक प्रत अशा ठिकाणी असू दे जिथे जायला याच अकाउंटचं लॉगिन लागत नाही.